फ्लेक्सिबल बजेट करताना या चुका टाळा

उत्पादन विभागाचं बजेट आणि प्रत्यक्ष खर्च यांची तुलना तपासायला माझ्याकडे येते, तेव्हा मी सगळ्यात आधी एकच गोष्ट बघते: एकूण खर्चाला नगांनी भागून आलेला दर कुठे वापरला आहे का? बहुतेक वेळा वापरलेला असतो.

एका कारखान्यात मी कॉस्टिंगला असतानाची गोष्ट. आकडे सोयीसाठी गोल करून सांगते. एका विभागाचं महिन्याचं बजेट १०,००० नगांचं होतं आणि खर्च ८,००,००० रुपये, म्हणजे नगामागे ८०. ऑर्डर कमी आल्या, ८,००० नगच निघाले आणि खर्च झाला ७,१०,०००. मूळ बजेटशी तुलना केली तर ९०,००० ची बचत दिसत होती. ही बचत खोटी आहे, हे नव्याने लागलेल्या मुलाला कळलं होतं. त्याने बजेट ‘फ्लेक्स’ केलं, म्हणजे प्रत्यक्ष निघालेल्या नगांसाठी नव्याने काढलं, पण घाईत ८,००० ला ८० ने गुणलं. उत्तर आलं ६,४०,०००, म्हणजे ७०,००० चा जादा खर्च. तोच कागद मीटिंगमध्ये गेला.

विभागप्रमुखांनी कागद दोनदा वाचला आणि विचारलं, “नग कमी काढले म्हणून मशीनचा घसारा कमी होतो का? सुपरवायझरचा पगार मी कापू का?” कोणाकडेच उत्तर नव्हतं. आणि त्यांचं बरोबर होतं.

त्या ८० रुपयांत ६० रुपयेच नगाबरोबर बदलणारे होते: मालाचे ४०, मजुरीचे १५, विजेचे ५. उरलेले २० म्हणजे २,००,००० रुपयांचा स्थिर खर्च १०,००० नगांवर वाटलेला. नग घटले तरी तो घटत नाही. म्हणून ८,००० नगांना मंजूर खर्च ४,८०,००० अधिक २,००,०००, म्हणजे ६,८०,०००. खरी प्रतिकूल तफावत ३०,००० ची. बाकीच्या ४०,००० चा दोष ऑर्डर न आल्याचा होता आणि तो विभागाच्या माथी मारला गेला.

तेव्हापासून माझ्या शीटमध्ये नगामागे एकूण खर्चाचा रकाना नसतोच. प्रत्येक खर्चाला दोन रकाने असतात, C मध्ये स्थिर रक्कम आणि D मध्ये नगामागचा दर. F1 मध्ये प्रत्यक्ष नग.

```
=C5+D5*$F$1
```

“एकाच दराने पटकन होतं,” असं मला दर वर्षी कोणीतरी ऐकवतं. पटकन होतं, आणि चुकीचं होतं.

दुसरी चूक याहून लपलेली असते. वरच्या ३०,००० मध्ये माल १७,०००, मजुरी ६,००० आणि वीज ७,००० असे जादा होते. विजेचं बघू. ३०,००० स्थिर आणि मशीन-तासाला १० रुपये. एका नगाला अर्धा तास ठरलेला, म्हणून ८,००० नगांना ४,००० तास आणि मंजूर वीज ७०,०००. प्रत्यक्षात मशीन ४,६०० तास चाललं आणि बिल ७७,००० आलं. आता कोणी ४,६०० तासांवर बजेट फ्लेक्स केलं, तर मंजूर खर्चच ७६,००० होतो आणि तफावत उरते फक्त १,०००. सगळं ठीक वाटतं. पण जादा चाललेल्या ६०० तासांचे ६,००० रुपये बजेटनेच माफ केलेले असतात! मी मंजूर खर्च नेहमी निघालेल्या चांगल्या नगांच्या प्रमाणित तासांवर काढते. प्रत्यक्ष तासांचा आकडा शेजारी ठेवते, तो ७,००० चे दोन भाग करण्यापुरताच: ६,००० मशीन जास्त चालल्याचे, १,००० दराचे किंवा वापराचे. पहिल्यासाठी मशीनपाशी जाऊन विचारावं लागतं, दुसऱ्यासाठी आधी बिल तपासावं लागतं.

विजेतले ते स्थिर ३०,००० कुठून आले, हेही विचारत जा. सर्वाधिक आणि सर्वांत कमी उत्पादनाचे दोन महिने घेऊन दर काढण्याची पद्धत सोपी आहे. पण त्यातल्या एका महिन्यात मशीन बंद पडलेलं असेल तर दर बिघडतो. मी वर्षभराचे आकडे आलेखावर मांडते आणि रेषेपासून लांब पडलेल्या महिन्याची चौकशी करते.

हेच सूत्र १६,००० नगांना लावू नका. तिथे दुसरी पाळी लागली, तर नवा सुपरवायझर येतो आणि ‘स्थिर’ खर्च एकदम वरच्या पायरीवर जातो.

मुख्य कार्यालयाचा वाटून आलेला खर्च मी विभागाच्या तक्त्यात वेगळा, खाली दाखवते.

आणि तफावतीवर कोणाला जाब विचारण्याआधी बिलाची तारीख बघा. मागच्या महिन्याचं वीजबिल या महिन्यात नोंदवलेलं असेल, तर एका महिन्याचे नग आणि दुसऱ्याच महिन्याची वीज यांची तुलना चाललेली असते.