टेबलातला एफएडी आणि एन्झाइममधला एफएडी

एमएस्सीच्या शेवटच्या प्रॅक्टिकलला माझ्या वाट्याला सक्सिनेट डिहायड्रोजिनेज आलं. बकऱ्याच्या लिव्हरमधून काढलेले मायटोकॉन्ड्रिया, सक्सिनेट, थोडं अझाइड आणि डीसीपीआयपी नावाचा निळा रंग. सक्सिनेटचे इलेक्ट्रॉन रंगाकडे गेले की निळा उतरत जातो, आणि ६०० नॅनोमीटरवरचं रीडिंग खाली येतं. माझं छान उतरत होतं. बाहेरून आलेले परीक्षक शेजारी उभे राहून बघत होते. त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "या एन्झाइमला एफएडी का लागतो? एनएडी का नाही चालत?"

हे मला पाठ होतं. सकाळीच घणसोलीहून ठाण्याला येताना गाडीत घोकलं होतं. "सर, एनएडीचं रिडक्शन पोटेन्शियल −०.३२० व्होल्ट, एफएडीचं −०.२१९. एफएडी वर आहे, म्हणून तो इलेक्ट्रॉन घेऊ शकतो."

"बरं. आणि सक्सिनेटचं?"

"+०.०३१."

"मग?"

मग काय, मी गप्प. −०.२१९ हा आकडा +०.०३१ च्या खालीच आहे! माझ्याच उत्तराप्रमाणे एफएडीलाही सक्सिनेटकडून इलेक्ट्रॉन घेता यायला नको. समोर क्युव्हेटमध्ये मात्र निळा रंग निवांत उतरत होता.

हा लेख त्या "मग?" साठी आहे. नेट किंवा गेटची तयारी करणाऱ्यांना क्रेब्स सायकल मी सांगायची गरज नाही. पण या एका जागी दरवर्षी कुणीतरी आपटतं, आणि आपटल्याचं त्यांना कळतही नाही, कारण पाठ केलेलं उत्तर कानाला अगदी बरोबर वाटतं.

आधी रिडक्शन पोटेन्शियलचं टेबल कसं वाचायचं ते, थोडक्यात. टेबलातला प्रत्येक आकडा रिडक्शनचा असतो, म्हणजे इलेक्ट्रॉन घेण्याच्या ओढीचा. जास्त धन, तितकी ओढ जास्त. दोन जोड्या समोरासमोर आल्या की घेणाऱ्याच्या आकड्यातून देणाऱ्याचा आकडा वजा करायचा. दोन्ही आकडे टेबलात आहेत तसेच उचलायचे. बरेच जण देणाऱ्याचं चिन्ह आधी उलटं करतात आणि मग परत वजाही करतात. दोनदा उलटवलं की सगळं मुसळ केरात. आणि दोन इलेक्ट्रॉन आहेत म्हणून व्होल्टला दोनने गुणू नका. तो दोन पुढच्या सूत्रात येतो:

ΔG°′ = −nFΔE°′

F म्हणजे फॅराडेचा स्थिरांक, ९६.५ किलोज्यूल प्रति व्होल्ट प्रति मोल. ΔE°′ धन आला की ΔG°′ ऋण, आणि इलेक्ट्रॉन आपण धरलेल्या दिशेने जातात. बास, एवढंच आहे.

आता सक्सिनेटचा हिशोब हाताने करून बघा. डोळ्यांनी वाचू नका, मीही तेव्हा नुसतं वाचलंच होतं.

घेणारा एनएडी: −०.३२० वजा ०.०३१ म्हणजे −०.३५१ व्होल्ट. ΔG°′ होतो सुमारे +६८ किलोज्यूल. हा चढ नव्हे, कडा आहे. एनएडी आणि एनएडीएच सारख्या प्रमाणात असतील, तर इलेक्ट्रॉन या दिशेने ढकलायला फ्युमरेटच्या तुलनेत सक्सिनेट साधारण ७० हजार कोटी पट हवं. पेशीत ते शक्य नाही. म्हणजे "एनएडी का नाही" हा अर्धा प्रश्न सुटला.

घेणारा एफएडी, टेबलातला: −०.२१९ वजा ०.०३१ म्हणजे −०.२५०. ΔG°′ सुमारे +४८ किलोज्यूल. हाही कडाच, जरा बुटका. पाठ केलेलं उत्तर नेमकं इथे फसतं. एनएडीपेक्षा एफएडी वर आहे हे खरं, पण सक्सिनेटपर्यंत पोहोचायला तेवढं वर असणं पुरत नाही.

मग गोम कुठे आहे? टेबलातला −०.२१९ हा पाण्यात मोकळ्या फिरणाऱ्या एफएडीचा आकडा आहे. आणि पेशीत एफएडी मोकळा फिरून काम करतच नाही.

हे मला लॅबमधल्या एका पीएचडी करणाऱ्या ताईने सांगितलं, परीक्षेनंतर, कॅन्टीनमध्ये. ती म्हणाली, "अगं, एनएडी म्हणजे रिक्षा. एका एन्झाइमकडून भाडं घेतं, दुसऱ्याकडे सोडतं. एफएडी हा घराच्या भिंतीतला स्विच आहे. तो कसा वागणार ते घरावर ठरतं." क्लासच्या नोट्समध्ये हे वाक्य नव्हतं. त्या नोट्सना मी बरेच हजार मोजले होते, तेव्हा एवढा राग माझा हक्काचा आहे.

स्विच म्हणजे नेमकं काय, ते बघू. प्रथिनाच्या खोबणीत एफएडी बसतो. इलेक्ट्रॉन घेतलेला एफएडी, म्हणजे एफएडीएच२, त्या खोबणीत जास्त सुखाने बसत असेल, तर एफएडीची इलेक्ट्रॉन घेण्याची ओढ वाढते आणि पोटेन्शियल वर सरकतं. रिकामा एफएडी जास्त सुखाने बसत असेल, तर खाली सरकतं. आजूबाजूला कोणते भार आहेत, हायड्रोजन बंध कुठे होतात, यावर हे ठरतं. सक्सिनेट डिहायड्रोजिनेजमध्ये तर एफएडी एका हिस्टिडिनला पक्क्या सहसंयुज बंधाने जोडलेला असतो, आणि त्या बंधानेही पोटेन्शियल वर जातं. सगळं मिळून तिथला एफएडी −०.२१९ सोडून शून्याच्या बराच जवळ येतो. ४८ किलोज्यूलचा कडा गेला, आणि उरला तो लहानसा चढ.

तोही एन्झाइम पार करतं, कारण एफएडी शेवटचा मुक्काम नाही. तिथून इलेक्ट्रॉन लोह-गंधकाच्या गुच्छांमधून युबिक्विनोनकडे जातात, आणि त्याचा आकडा आहे +०.०४५. पूर्ण प्रवास सक्सिनेट ते युबिक्विनोन असा धरा: ०.०४५ वजा ०.०३१ म्हणजे +०.०१४ व्होल्ट, ΔG°′ सुमारे −३ किलोज्यूल. उतार आहे, पण जेमतेम. म्हणून हे एन्झाइम, म्हणजेच कॉम्प्लेक्स-२, प्रोटॉन पंप करत नाही. पंप चालवायला ऊर्जाच शिल्लक राहत नाही. याच कारणाने, युबिक्विनोन जवळजवळ सगळा भरलेला असेल आणि फ्युमरेट साचलेलं असेल, तर हेच एन्झाइम उलटंही चालू शकतं. माझ्या क्युव्हेटमध्ये शेवटी डीसीपीआयपी होता, सुमारे +०.२२ चा. तो इलेक्ट्रॉन चांगलेच ओढतो, त्यामुळे तिथे दिशेचा प्रश्नच नव्हता.

त्या बंधाला एवढं महत्त्व का द्यायचं, असं वाटत असेल तर ई. कोलायचं फ्युमरेट रिडक्टेज बघा. सक्सिनेट डिहायड्रोजिनेजचं ते जवळचं भावंडच. त्यातलं एफएडी धरणारं हिस्टिडिन बदललं, तेव्हा एफएडी खोबणीत बसला खरा, पण बंधाशिवाय. या एन्झाइमला फ्युमरेटवर इलेक्ट्रॉन टाकता येत होते, सक्सिनेटकडून घेणं मात्र जवळपास बंद पडलं. पोटेन्शियल खाली गेलं, की देणं जमतं आणि घेणं अवघड होतं. परीक्षकांच्या "मग?" ला याहून नेटकं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

आता उलटी बाजू, कारण एमसीक्यूत हमखास तीच येते. पायरुवेट डिहायड्रोजिनेज कॉम्प्लेक्सचा तिसरा घटक, डायहायड्रोलिपॉइल डिहायड्रोजिनेज. तिथे एफएडी इलेक्ट्रॉन घेतो आणि एनएडीला देतो. टेबल हातात घेऊन बसलेल्याला हे उफराटं वाटणार: −०.२१९ कडून −०.३२० कडे? मी एका मॉक टेस्टमध्ये हा पर्याय "अशक्य" म्हणून खोडला होता. पण या खोबणीने एफएडीला खाली ओढलेलं असतं, पार एनएडीच्या आसपास. म्हणून इलेक्ट्रॉन फार अडत नाहीत, आणि तयार झालेलं एनएडीएच पुढे वापरलं जात असल्याने दिशा टिकून राहते. रेणू तोच, एका घरात शून्याजवळ आणि दुसऱ्या घरात −०.३ जवळ. "एफएडी नेहमी एनएडीच्या नंतर" असं कुणी शिकवत असेल, तर त्या माणसाला मान द्या, वाक्य सोडून द्या.

"अल्कोहोलला एनएडी, कार्बन-कार्बन दुहेरी बंधाला एफएडी" हा शॉर्टकट मात्र मी वापरते. तो बहुतेक वेळा चालतो, कारण अल्कोहोलच्या जोड्या −०.२ च्या आसपास असतात आणि दुहेरी बंध होतो त्या शून्याच्या आसपास. पण मायटोकॉन्ड्रियाच्या पटलावरचं ग्लिसरॉल-३-फॉस्फेट डिहायड्रोजिनेज अल्कोहोलच ऑक्सिडाइज करतं, तेही एफएडीने. तिथे शॉर्टकट झोपतो.

राहिला एनएडी. तो रिक्षा, म्हणून त्याचं पोटेन्शियल कुठल्या घरावर ठरत नाही. किती भरलेल्या आणि किती रिकाम्या फिरतायत, यावर ठरतं. मॅलेटची जोडी घ्या: ऑक्झॅलोअॅसिटेट आणि मॅलेट, −०.१६६. मॅलेटकडून एनएडीकडे: −०.३२० अधिक ०.१६६, म्हणजे −०.१५४ व्होल्ट, सुमारे +३० किलोज्यूल. इथेही "होणार नाही" असं लिहून मोकळे होऊ नका, क्रेब्स सायकल रोज हे करते. टेबलातले आकडे दोन्ही रूपं सारख्या प्रमाणात धरून काढलेले असतात. समजा रिकामा एनएडी भरलेल्याच्या दहापट आहे. २५ अंशाला, दोन इलेक्ट्रॉनसाठी, दर दहापटीला ०.०३० व्होल्टचा फरक पडतो, म्हणजे एनएडी −०.२९ वर आला. उरलेली दरी ०.१२४ व्होल्टची. ती भरायला ऑक्झॅलोअॅसिटेट मॅलेटच्या सुमारे १५ हजाराव्या भागाहून कमी हवं. सिट्रेट सिंथेज ते सतत उचलत असल्यामुळे ते खरंच नाममात्र उरतं, आणि गाडी चढ चढते.

१५ हजार पट पेशीला जमतं, ७० हजार कोटी पट जमत नाही. मॅलेटला एनएडी आणि सक्सिनेटला एफएडी का, ते या दोन आकड्यांत आहे. मला गाडीत पाठ करताना यातला एकही माहीत नव्हता. आता रबाळे ते तुर्भे एवढ्या वेळात वहीच्या मागच्या पानावर दोन्ही काढून होतात, बसायला जागा मिळाली तर.