गुणगुणलेल्या चालीची सम हरवू नये म्हणून

फोनवर गुणगुणलेली चाल आठवड्याने ऐकली की सम कुठे होती तेच कळत नाही. म्हणून रेकॉर्डिंग सुरू करताच सा धरा, मांडीवर चार मात्रा वाजवा, मगच गुणगुणा.

शब्द आधी सुचले असतील तर चालच आधी बांधा. आधी कॉर्ड धरले की चाल त्यांच्याच स्वरांत अडकते. गिटारवर ठेका आधी सापडला, तरच कॉर्डपासून सुरुवात करा.

रेकॉर्डिंगवरून चाल उतरवताना पेटीवर आधी लांब थांबणारे स्वर शोधा. सा म्हणजे सी धरला आणि ओळ शुद्ध गंधारावर थांबली, तर सी, ए मायनर, ई मायनर तिन्ही कॉर्ड बसतात. मी ए मायनर आधी वाजवून बघते.

वाद्याशिवाय पट्टी घसरते. शेवटीही सा म्हणा. तो पहिल्याशी जुळला नाही, तर शेवटच्या ओळी त्याच्यावरून मोजा.