बँकेतील जमा, बिलांची बेरीज आणि विक्रीच्या ईमेलची पहिली दोन वाक्ये

हिशेबाचे सॉफ्टवेअर विकणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी विक्रीचे ईमेल लिहायला लागलो, तेव्हा लहान व्यापाऱ्यांना कराची भीती वाटते एवढे एकच सत्य मला ठाऊक होते आणि तेवढ्यावर आपले काम भागेल अशी माझी समजूत होती. पहिल्याच मोहिमेत मी विषयाच्या ओळीत लिहिले, "आपले विवरणपत्र प्रलंबित आहे का?" आणि ईमेलचे पहिले वाक्य होते, "वेळेत व अचूक विवरणपत्र न भरल्यास दंड व व्याज आकारले जाऊ शकते." दोन्ही वाक्ये खोटी नव्हती, आणि नेमके याच समाधानाने मला गाफील ठेवले.

ईमेल उघडले गेल्याचा आकडा उत्तम आला आणि दोन दिवस माझे कौतुकही झाले. तिसऱ्या दिवशी एका करसल्लागाराचा फोन आला. त्याचा एक ग्राहक तो ईमेल छापून घेऊन दुकान अर्धवट टाकून त्याच्याकडे धावत आला होता, कारण ती कर खात्याची नोटीस आहे असे त्याला वाटले होते. करसल्लागार माझ्यावर ओरडला नाही. त्याने शांतपणे एवढेच विचारले, "हे वाचणारा माणूस कोणत्या मनःस्थितीत वाचतो, याचा विचार केला होता का?" त्या प्रश्नाची आठवण आजही मला सुखाची वाटत नाही.

या व्यवसायात नव्याने येणाऱ्याला मी इथेच थांबवू इच्छितो, कारण हा सापळा वरून दिसत नाही. कराबाबत गोंधळलेला व्यापारी दंडाचा उल्लेख असलेला ईमेल उघडतोच, पण तो ग्राहक म्हणून नव्हे तर आरोपी असल्यासारखा उघडतो. पुढच्या वाक्यात हा सॉफ्टवेअरचा प्रचार आहे हे कळले की सुटकेबरोबर रागही येतो, आणि राग आलेल्या माणसाच्या बोटाजवळ "स्पॅम" हे बटण असते. गूगलने मोठ्या संख्येने ईमेल पाठवणाऱ्यांसाठी फेब्रुवारी 2024 पासून लागू केलेल्या नियमांत अशा तक्रारींचे प्रमाण 0.3 टक्क्यांच्या खाली ठेवायला सांगितले आहे, म्हणजे हजार ईमेलांमागे तीन चिडलेले वाचकही पुष्कळ झाले. फसवी विषयओळ वापरण्यास अमेरिकेच्या 2003 च्या कॅन-स्पॅम कायद्याने मनाई केली आहे. माझी ओळ त्या अर्थाने फसवी होती की नाही यावर वकील वाद घालू शकतील, परंतु दुकान टाकून धावलेल्या माणसापुरता तो वाद निकालात निघाला होता.

उघडल्याच्या आकड्यावरही विसंबू नये. ईमेलमध्ये दडवलेले एक अतिसूक्ष्म चित्र वाचकाकडे उतरले की ईमेल उघडला गेला असे मोजले जाते. ॲपलच्या मेल ॲपमध्ये 2021 पासून खासगीपणाची जी सोय आहे, ती सुरू असेल तर वाचकाने ईमेल उघडला नसला तरीही ही चित्रे आधीच उतरवली जाऊ शकतात. केवळ हा आकडा दाखवून शिकवणाऱ्या मार्गदर्शकांपासून मी दूर राहतो, आणि "हमखास उघडल्या जाणाऱ्या शंभर सुरुवाती" असे तयार संच विकणाऱ्यांपासून तर अधिकच दूर राहतो, कारण त्यांतील एकही सुरुवात दुकानाच्या हिशेबाकडे पाहून लिहिलेली मला आढळली नाही.

त्या फोननंतर मी त्याच करसल्लागाराकडे एक दुपार बसण्याची परवानगी मागितली आणि त्याने, बहुधा कीव येऊन, ती दिली. त्या दुपारी मला कळले की "कर भरणे अवघड आहे" असे व्यापारी फारसे म्हणत नाहीत. "माझी बेरीज जुळत नाही" असे ते म्हणतात. गोंधळ संपूर्ण करपद्धतीविषयी नसतो. तो एका ठरावीक जागी असतो, आणि ती जागा सापडली की सुरुवातीचे वाक्य जवळजवळ आपोआप मिळते.

त्या दुपारी पाहिलेले एक उदाहरण मी आकडे सोपे करून मांडतो. विक्रीवरील कर 10 टक्के आहे आणि कर बिलाच्या तारखेप्रमाणे देय होतो असे धरू. एका व्यापाऱ्याच्या बँक खात्यात महिनाभरात 1,54,000 जमा झाले. त्याने त्यावर 10 टक्के लावून 15,400 कर काढला. त्या महिन्यात त्याने केलेल्या बिलांची करासह बेरीज मात्र 1,32,000 होती. त्यातील मूळ विक्री 1,20,000, म्हणून देय कर 12,000. हा 3,400 चा फरक त्याला कुठेच सापडेना, आणि आपण काहीतरी लपवतो आहोत असे कोणाला वाटेल या धास्तीने तो जास्त रक्कम भरायला तयार झाला होता.

फरक तीन ठिकाणी विभागलेला होता. जमा झालेल्या 1,54,000 मध्ये कर आधीच मिसळलेला होता, त्यामुळे त्यावर पुन्हा 10 टक्के लावणे म्हणजे करावर कर काढणे झाले. आतला खरा कर 14,000 होता, म्हणजे 1,400 इथेच वाढले. शिवाय जमेपैकी 55,000 ही मागच्या महिन्यातील उधारीची वसुली होती, आणि तिच्यातील 5,000 कर मागच्या विवरणपत्रात दाखवून झाला होता. याउलट चालू महिन्याच्या बिलांपैकी 33,000 अजून यायचे होते, परंतु त्यांवरील 3,000 कर याच महिन्यात देय होता. चौदा हजारांतून पाच वजा केले आणि तीन मिळवले की बारा हजार येतात. हे कागदावर लिहून दाखवल्यावर तो व्यापारी काही वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "म्हणजे मी बँकेकडे पाहायचेच नाही?" पाहायचे, पण कर काढण्यासाठी नव्हे, वसुली तपासण्यासाठी, असे त्याला सांगण्यात आले.

हे ऐकत असतानाच मी वहीत नवी सुरुवात लिहिली आणि थोड्याफार फरकाने तीच आजही वापरतो:

"महिनाअखेरीस बँकेत जमा झालेली रक्कम आणि आपल्या बिलांची बेरीज जुळत नसेल, तर त्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे मागच्या महिन्याच्या उधारीची वसुली. तिच्यावरचा कर आपण आधीच दाखवलेला असू शकतो."

या दोन वाक्यांत सॉफ्टवेअर नाही, कंपनीचे नाव नाही, दंड नाही. वाचकाला ईमेल तिथेच बंद करूनही एक उपयोगाची गोष्ट मिळते, आणि माझ्या मते याच कारणाने तो पुढे वाचतो. माझ्या वरिष्ठांनी आक्षेप घेतला की आपण उत्तर फुकट देऊन टाकतो आहोत. मला तो पटला नाही, कारण उत्तर एका ओळीचे असले तरी दर महिन्याला प्रत्येक वसुली तिच्या मूळ बिलाशी जोडणे हे हाताने करण्यात कित्येक संध्याकाळी जातात, आणि विकायचे ते नेमके हेच काम आहे. म्हणून तिसऱ्या वाक्यात मी एवढेच लिहितो की आमच्या सॉफ्टवेअरमध्ये आलेली रक्कम बिलाशी जोडली की जुनी वसुली आणि चालू विक्री वेगळी दिसते.

शब्दांची निवड करताना "असू शकतो" आणि "एक नेहमीचे कारण" ही सावधगिरी काढू नये. अनेक करपद्धतींत लहान व्यापाऱ्याला पैसे हातात आल्यावर कर भरण्याची मुभा असते, आणि ती घेतलेल्या व्यापाऱ्याला माझे वाक्य ठामपणे सांगितले तर ते चुकीचे ठरेल. व्यापारी हा ईमेल आपल्या हिशेबनिसाला दाखवणार हे गृहीत धरूनच लिहावे. माझा पहिला ईमेल करसल्लागाराच्या टेबलावर मेला. नव्या ईमेलची परीक्षाही अशाच टेबलावर होते, कारण हिशेबनीस "हे बरोबर लिहिले आहे" एवढे म्हणाला तरी पुरते, आणि "हे अर्धवट आहे" म्हणाला तर पुढचा मजकूर कितीही चांगला असला तरी कोणी वाचत नाही. पाठवण्यापूर्वी मी आजही सुरुवात एका हिशेबनिसाला वाचून दाखवतो.

तांत्रिक बाजू थोडक्यात सांगतो. ईमेलच्या यादीत पाठवणाऱ्याचे नाव, विषयाची ओळ आणि मजकुराचे पहिले काही शब्द दिसतात, आणि मोबाइलवर ते फारच थोडे असतात. तिथे "आपण कुशल असाल अशी आशा आहे" किंवा साच्याच्या डोक्यावर असलेले "ईमेल नीट दिसत नसल्यास येथे क्लिक करा" आले, तर सर्वांत मोलाची जागा वाया जाते. "बँकेत जमा झालेली रक्कम" हे शब्द शक्य तितके पुढे आणावेत. विषयाच्या ओळीत "Re:" लावून जुना पत्रव्यवहार असल्याचा आभास निर्माण करू नये. ज्याला आधीच नोटिशीची धास्ती आहे त्याच्याशी असा खेळ करणे मला क्षुद्रपणाचे वाटते.

वेळेबाबतही माझी चूक झाली होती. मुदतीच्या आदल्या दोन दिवसांत पाठवलेला ईमेल सर्वांत परिणामकारक ठरेल असे मला वाटत असे, परंतु त्या दिवसांत व्यापारी जुन्या पद्धतीने कसेबसे काम उरकण्याच्या मागे असतो आणि नवे काही शिकण्याची त्याची तयारी नसते. मुदत संपल्यावर तीन-चार दिवसांनी त्रास ताजा असतो आणि हात रिकामे असतात. माझी उपयोगी उत्तरे बहुतेक त्याच दिवसांत आली आहेत.

उत्तरे थोडीच येतील, आणि सुरुवातीला त्याने खचून जाण्याचे कारण नाही, पण ती नीट वाचावीत. "हे कोणत्या खात्याकडून आले आहे?" असे कोणी विचारले, तर सुरुवात अजूनही सरकारी कागदासारखी वाटते आहे. "हे माझा हिशेबनीस पाहतो" असे आले, तर व्यापाऱ्याला त्यात स्वतःचा अनुभव दिसलेला नाही. अशा वेळी मी करविषयक शब्द काढून उधारी, वसुली, परत आलेला माल असे दुकानातले शब्द घालतो. नव्या सुरुवातीला आलेल्या पहिल्या उत्तरांपैकी एक असे होते: "माझ्याकडे उलटे आहे. बिले जास्त, बँकेत कमी." त्याला मी सॉफ्टवेअरची माहिती पाठवली नाही. न आलेली उधारी आणि परत घेतलेला माल यांची बेरीज वेगवेगळी करून पाहा, एवढेच लिहिले. दुसऱ्या दिवशी त्याने परत आलेल्या मालाच्या नोंदींची दोन पाने छायाचित्र काढून पाठवली आणि खाली विचारले की, या नोंदी तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये कुठे करायच्या असतात.