प्रिन्सिपलना भेटायला जाण्याआधी फाईलमध्ये काय काय हवं

शाळेत मुलाला कोणीतरी सतत त्रास देतंय आणि तुम्ही प्रिन्सिपलची वेळ घेतली आहे, तर केबिनमध्ये तीन वाक्यं हमखास ऐकायला मिळतात हे धरूनच चाला. पहिलं, "अहो मुलं आहेत, मस्ती करतात." दुसरं, "आमच्यापर्यंत तर काही आलंच नाही." आणि तिसरं, "तसा तुमचाही काही कमी नाहीये." आता बऱ्याचदा समोरचा माणूस वाईट नसतो, त्याच्याकडे दिवसाला दहा पालक येतात आणि दहाही जण रागात "नेहमी मारतात, रोज मारतात" असंच सांगतात, आणि "नेहमी" या शब्दावर शाळेला काहीच करता येत नाही. म्हणून खालची सगळी तयारी या तीन वाक्यांसाठी आहे असं समजा.

उदाहरणासाठी सहावीतला एक मुलगा धरू, नाव ओम, त्रास देणारी वर्गातलीच दोन मुलं, जुलै महिना, शाळा सुरू होऊन जेमतेम महिना झालाय.

सगळ्यात आधी एक साधी वही घ्या, शंभर पानी वगैरे, सुट्टी पानं नकोत कारण नंतर कोणी म्हणायला नको की मधे घुसवली. मोबाईलच्या नोट्समध्ये लिहिलं तरी चालतं पण वही बरी पडते. प्रत्येक घटनेला तारीख, वार, कितवा तास किंवा कुठली सुट्टी, नेमकी जागा, कोण कोण होतं, काय झालं, कोणी बघितलं, नंतर ओमने कोणाला सांगितलं, आणि ही माहिती तुम्हाला कोणाकडून कळली. हे शेवटचं लोक गाळतात आणि तिथेच घोळ होतो. "ओमने सांगितलं", "मी स्वतः गुडघा बघितला", "मित्राच्या आईने फोनवर सांगितलं" ह्या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, त्या वेगळ्याच लिहायच्या. नोंद अशी दिसली पाहिजे: "८ जुलै, मंगळवार. चौथ्या तासाला कॉम्प्युटर लॅबमध्ये जाताना दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात दप्तर मागून ओढलं, ओम पडला, उजवा गुडघा खरचटला. दोन्ही मुलं होती. शेजारच्या बाकावरच्या मुलाने बघितलं. ओमने कोणाला सांगितलं नाही. मला संध्याकाळी पॅन्टवर रक्त दिसलं तेव्हा विचारलं." बस. "मुद्दाम ओढलं", "घरचे संस्कारच नाहीत" असलं काही नको, तो आपला अंदाज आहे. शिव्या आणि चिडवायचे शब्द मात्र जसेच्या तसे लिहा, लिहायला कसंतरी वाटलं तरी, कारण "वाईट बोलतात" वाचून कोणाला काही कळत नाही आणि "पाणघोडा आला, जिना पडेल" वाचून लगेच कळतं.

मुलाला विचारायचं कसं यावर जरा थांबते, कारण इथे चांगले चांगले पालक सगळं बिघडवून ठेवतात. दारातून आत आल्या आल्या "आज मारलं का रे कोणी?" हा प्रश्न रोजचा झाला की मूल एक तर गप्प बसतं नाहीतर आईला बरं वाटावं म्हणून काहीतरी सांगायला लागतं. "त्यानेच ढकललं ना?" असंही नाही, उत्तर आपणच त्याच्या तोंडात घालतोय. जेवताना नाहीतर झोपताना, "आज लॅबला गेलात तेव्हा काय झालं?" आणि मग "बरं, पुढे?" एवढंच. एकदा सांगून झालं की परत परत वदवून घ्यायचं नाही, आजीसमोर परत, काकासमोर परत, असं तर अजिबात नाही. त्याच्यासमोर वही काढून पोलिसासारखं लिहीत बसू नका, तो झोपल्यावर लिहा, पण त्याच दिवशी लिहा. आणि ओमने काय केलं तेही लिहायचं. त्याने उलटून लाथ मारली असेल तर "ओमनेही लाथ मारली" हे वहीत आपल्या हाताने आधीच असलं पाहिजे, मग ते तिसरं वाक्य आलं तरी आपण दचकत नाही आणि बाकीच्या नोंदींवरही विश्वास बसतो.

जखमेचे फोटो. दिवसाच्या उजेडात, एक लांबून ज्यात मुलगा ओळखू येईल, एक जवळून, जवळच्यात बाजूला मोजपट्टी धरा म्हणजे आकार कळतो. मुका मार लागला असेल तर लगेच फारसं दिसत नाही, एक-दोन दिवसांनी निळं-जांभळं होतं, तेव्हा परत काढा. फिल्टर, क्रॉप, वर लाल गोल काढणं काही नको, मूळ फाईल तशीच ठेवा, कारण फोटो कधी काढला ते त्या फाईलमध्येच असतं आणि व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो म्हणून पाठवला की ते निघून जातं आणि फोटोही दबतो. नवऱ्याला किंवा बहिणीला पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. डॉक्टरकडे नेलं तर "पडला" म्हणून मोकळे होऊ नका, मूल जे सांगतंय तेच सांगा आणि ते केस पेपरवर लिहायला सांगा, तो कागद जपून ठेवा. फाटलेलं दप्तर, मोडलेली कंपासपेटी टाकून देऊ नका, पिशवीत तारखेची चिठ्ठी घालून ठेवा.

वर्गाच्या ग्रुपवर चिडवाचिडवी चालू असेल तर स्क्रीनशॉट लगेच, कारण मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येतात. स्क्रीनशॉटमध्ये तारीख आणि पाठवणाऱ्याचा नंबर दिसला पाहिजे, आणि आधीचे-नंतरचे मेसेजही हवेत, नाहीतर "ते गमतीत चाललं होतं" म्हटलं की आपल्याकडे उत्तर नसतं. पूर्ण चॅट एक्सपोर्ट करून स्वतःला मेल करून ठेवा, मग हवं तर मुलाला ग्रुपमधून बाहेर काढा, आधी नको. मुलाच्या फोनवरून त्या पोरांना दम देणारा मेसेज टाकायचा मोह होतो, टाकू नका, तोच मेसेज उद्या प्रिन्सिपलच्या टेबलवर असतो. आणि पालकांच्या ग्रुपवर नावं टाकणं तर पूर्ण बंद, समोरचीही अकरा-बारा वर्षांची पोरंच आहेत.

आता दुसऱ्या वाक्याचं औषध. क्लास टीचरना गेटवर, फोनवर जे जे सांगितलं असेल ते त्याच दिवशी मेसेजमध्ये किंवा शाळेच्या डायरीत परत टाका, दोन ओळी पुरतात: "मॅडम, आज सकाळी बोललो त्याप्रमाणे मंगळवारी आणि शुक्रवारी लॅबला जाताना ओमला जिन्यात ढकललं जातंय, तुम्ही लक्ष ठेवते म्हणालात, धन्यवाद." भांडण नाही काही नाही, पण शाळेला कधी कळवलं त्याची तारीख तयार झाली. डायरीतल्या त्या पानाचा फोटो काढून ठेवा. मॅडमनी सही केली असेल तर उत्तमच.

आणि मग दोन-तीन आठवडे झाले की वही घेऊन शांत बसा आणि नुसत्या वार, तास आणि जागा एका कागदावर खाली खाली उतरवा. ओमच्या वहीत हे निघालं: ८ जुलै मंगळवार जिन्यात पाडलं, ११ जुलै शुक्रवार जिन्याच्या खिडकीतून कंपासपेटी खाली टाकली, १५ जुलै मंगळवार मधल्या सुट्टीत वर्गात डबा सांडला, १८ जुलै शुक्रवार जिन्यात "पाणघोडा" आणि धक्का, २२ जुलै मंगळवार पोट दुखतंय म्हणून शाळेतच गेला नाही, २५ जुलै शुक्रवार जिन्यात दंडावर बुक्का, दंड निळा. पाच घटनांपैकी चार एकाच जागी, चौथ्या तासाआधीच्या पाच मिनिटांत, आणि जो दिवस बुडला तोही लॅबचाच वार. का, तर तिसऱ्या तासाच्या मॅडम वर्गातून स्टाफरूमला जातात, कॉम्प्युटरचे सर वर लॅबमध्ये थांबतात, आणि मधल्या दोन मजल्यांवर चाळीस मुलांबरोबर कोणीच मोठं माणूस नसतं. हे कागदावर दिसलं की "मस्ती करतात" म्हणणं अवघड होतं. शिवाय मागणीसुद्धा बदलते बघा, "त्या मुलांना काढून टाका" हे शाळा सहसा करत नाही, पण "मंगळवारी आणि शुक्रवारी वर्गाला लॅबपर्यंत एक शिक्षक नेऊन सोडेल" हे उद्यापासून होऊ शकतं. बुडालेल्या दिवसांसाठी हजेरीही तपासा, ठरावीक वारीच पोट-डोकं दुखत असेल तर ते लिहा, पण "त्रासामुळेच" असं लिहू नका, नुसती तारीख लिहा.

सीसीटीव्हीचं मात्र वही भरेपर्यंत थांबायचं नाही. रेकॉर्डिंग जुन्यावर नवीन चढत जातं, किती दिवस राहतं ते प्रत्येक ठिकाणी वेगळं, काही ठिकाणी दोन आठवड्यांतच जातं. म्हणून घटनेच्या दुसऱ्या दिवशीच मेल: अमुक तारीख, अमुक वेळ, दुसऱ्या मजल्याचा जिना, एवढं फुटेज कृपया जपून ठेवा आणि तुम्ही बघा. कॉपी मागू नका, त्यात दुसऱ्यांची मुलं दिसतात म्हणून शाळा नाही म्हणेल आणि वाद तिथेच अडकेल. बदलापूरच्या घटनेनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य शासनाने शाळांना सीसीटीव्ही आणि तक्रारपेटीबद्दल आदेश दिलेत, त्यामुळे "आमच्याकडे कॅमेराच नाही" हे उत्तर आलं तर तेही लिहून घ्या.

एका बाबतीत ही सगळी वहीबिही बाजूला. कपडे काढायला लावले, गुप्तांगाला हात लावला, असं काही मुलाने सांगितलं तर पुरावे गोळा करत बसायचं नाही, तपशील खोदून विचारायचे नाहीत, थेट पोलीस नाहीतर मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८. ते मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांसाठीच्या पोक्सो कायद्यात येतं आणि शाळेलाही ते दडपता येत नाही, कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. हाड मोडण्यासारखी मारहाण किंवा मूल जीव द्यायच्या गोष्टी करत असेल तर तेव्हाही वाट बघू नका.

भेटीला जाताना वही घरी ठेवा, नेली तरी हातातून देऊ नका. सोबत एक पानाचा अर्ज, त्यात ती तारखांची यादी, शाळेला कधी कधी कळवलं ते, आणि दोन किंवा तीनच मागण्या. मागे फोटोंचे प्रिंट, स्क्रीनशॉट, केस पेपरची झेरॉक्स. साक्षीदार मुलांची पूर्ण नावं अर्जात नकोत, त्यांच्या आईवडिलांना न विचारता तर नाहीच, नाहीतर उद्या तेच पोर टार्गेट होतं. दोन प्रती न्या, एक ऑफिसमध्ये द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या, पोच घेतल्याशिवाय केबिनमध्ये जाऊ नका कारण बोलून बाहेर पडल्यावर क्लार्क जेवायला गेलेला असतो. पोच द्यायला नकार दिला तर वाद न घालता तिथूनच फोनवरून शाळेच्या अधिकृत मेलवर पाठवा. शक्यतो दोघे जण जा, एक बोलेल, एक लिहील. ओमला आत बसवू नका, आणि त्या दोन मुलांना समोर बोलावून "हात मिळवा" असं चाललं असेल तर नम्रपणे नको म्हणा.

घरी आल्यावर त्याच संध्याकाळी मेल: आज कोण कोण होतं, काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत, आणि "यात काही चुकलं असेल तर कळवा". तारीख उलटली आणि काहीच झालं नाही तर हाच गठ्ठा पुढे जातो, शाळा सीबीएसईची असेल तर बोर्डाकडे, राज्य मंडळाची असेल तर महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाकडे, आणि तिथला माणूस सगळ्यात आधी पोच दिलेली प्रतच मागतो. वही मात्र भेटीनंतरही चालू ठेवा, आता "१ ऑगस्ट, शुक्रवार, सर लॅबपर्यंत आले होते, काही झालं नाही" अशाही नोंदी करा, कारण जिना बंद झाला की त्रास कधी कधी बसमध्ये नाहीतर टॉयलेटमध्ये सरकतो आणि ते ह्याच नोंदींमधून लवकर लक्षात येतं.