विष न घालता उंदीर मरू लागले, तर आधी पिसवांकडे बघा

सोयाबीन निघालं, मका खळ्यावर आला, पोत्यांच्या थप्प्या ओसरीत लागल्या की उंदरांची तक्रार सुरू होते. दरवर्षी मी विषाच्या आमिषाचं प्रमाण सांगतो, यंदाही खाली सांगणार आहे. त्याआधी मात्र एक उलटी गोष्ट ध्यानात ठेवा. आपण विष न घालताच घरातले उंदीर पटापट मरू लागले, तर 'बरं झालं, पीडा टळली' म्हणून हात झटकू नका. त्या वेळी नवं विष घालायचं नाही, मांजर सोडायचं नाही आणि मेलेल्या उंदराला हातही लावायचा नाही.

जुन्या माणसांना हे माहीत होतं. माझी आजी म्हणायची, "घरात उंदीर पडले की गाव सोडायचं." प्लेगच्या दिवसांत माणसं गावाबाहेर माळावर झोपड्या घालून राहायची. आम्हाला ती भीतीपोटीची धावपळ वाटायची. नीट पाहिलं तर त्यामागे चोख हिशेब आहे.

प्लेगचा जंतू अलेक्झांडर येर्सिन यांनी 1894 मध्ये हाँगकाँगला शोधला. येर्सिनिया पेस्टिस हे त्याचं नाव त्यांच्यावरूनच पडलं. तो उंदरातून माणसात पिसवेच्या वाटेनं येतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी 1898 मध्ये दाखवून दिलं, पण बरीच वर्षं त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. पुढे मुंबईत प्लेग संशोधन आयोगानं गिनीपिगांवर प्रयोग करून ते पक्कं केलं.

आता पिसवेच्या पोटात काय होतं ते पाहू, कारण पुढचा सगळा सल्ला त्यावरच उभा आहे. आजारी उंदराच्या रक्तात जंतू खच्चून भरलेले असतात. ते रक्त प्यालेल्या पिसवेच्या जठराच्या तोंडाशी जंतू वाढून घट्ट गोळा होतो आणि बूच लावल्यासारखी वाट बंद होते. पिसू भुकेनं कासावीस होते, पुन्हा पुन्हा चावते. ओढलेलं रक्त बुचाला धडकून जंतूंसकट चाव्याच्या जखमेत परत ओकलं जातं. पिसवेला हे बूच लागायला थंड-दमट हवा सोयीची असते. साधारण 27-28 अंशांच्या वर ते सैल पडतं. म्हणून कडक उन्हाळ्यापेक्षा पावसाळ्याचा शेवट आणि हिवाळा जास्त जोखमीचा, आणि नेमके तेव्हाच आपल्या घरात धान्य येतं.

पिसवेला खरं तर माणूस नको असतो, तिला उंदीर हवा असतो. उंदीर जिवंत आणि उबदार आहे तोवर ती त्याच्या अंगावरच असते. तो मेला, अंग गार पडलं की ती उतरते आणि दुसरा उंदीर शोधते. दहा उंदरांपैकी पाच मेले की उरलेल्या पाचांच्या अंगावर दुप्पट पिसवा जमतात. तेही मेले की घरात उपाशी पिसवाच उरतात आणि त्यांना उंदीर मिळत नाही. मग त्या अंथरुणावर, पायावर, मांजराच्या अंगावर चढतात. उंदीर संपले म्हणजे रोग संपला नाही, त्याचा वाहक मोकाट सुटला. म्हणूनच उंदरांची अचानक मर हा माणसांच्या साथीचा पूर्वइशारा ठरतो.

मुंबईतल्या अभ्यासातून दिवसांचा अंदाजही निघाला होता. घरातल्या उंदरांच्या वस्तीत रोग पसरून बहुतेक उंदीर मरायला साधारण 10 ते 14 दिवस लागतात. उंदीर न मिळालेल्या पिसवा सुमारे 3 दिवस उपाशी राहून माणसाला चावायला लागतात. चाव्यानंतर ताप यायला आणखी 3 ते 5 दिवस जातात. बेरीज केली तर पहिला उंदीर पडल्यापासून पहिला रुग्ण दिसेपर्यंत अडीच-तीन आठवडे हाती असतात. हा वेळ कमी नाही, पण तो वाया घालवणं फार सोपं आहे.

बीड जिल्ह्यातल्या मामला गावाचं उदाहरण घ्या. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीचा भूकंप झाला. त्याच्या धक्क्यांनी बीड भागातही लोक घाबरले, काहींनी घरं सोडली, आणि कोठारातलं धान्य जागेवरच राहिलं. बिनवस्तीच्या घरात धान्य, मग उंदीर वाढणारच. 1994 च्या ऑगस्टच्या सुरुवातीला मामल्यात उंदीर मेलेले दिसू लागले आणि पिसवांचा त्रास जाणवू लागला. गाठीच्या प्लेगचे पहिले संशयित रुग्ण ऑगस्टच्या अखेरीला समोर आले. मधलं अंतर जवळपास तीन आठवड्यांचं, म्हणजे मुंबईच्या जुन्या हिशेबाशी जुळणारं. सुरतची फुफ्फुसाच्या प्लेगची साथ सप्टेंबरात आली. हा प्लेगच होता का, यावर पुष्कळ वाद झाला. पुढे जनुकीय तपासणीत बीड आणि सुरत दोन्हीकडच्या नमुन्यांत हाच जंतू असल्याचं स्पष्ट झालं.

रोग गावात येतो कुठून? शेतातल्या बिळांमधल्या जंगली उंदरांच्या काही जाती हा जंतू सांभाळून असतात, फारशा मरत नाहीत. पीक निघालं, शेत उघडं पडलं की ते किंवा त्यांच्या पिसवा गोठ्याकडे, कोठाराकडे सरकतात. घरातला काळा उंदीर या जंतूपुढे टिकत नाही, म्हणून मर दिसते ती घरात. बांधावरच्या बिळांशी लागून असलेली खळ्याजवळची खोली नजरेखाली ठेवायची ती एवढ्यासाठीच.

आता रोजच्या व्यवहारातला प्रश्न. उंदीर तर आपणही मारतोच, मग कोणती मर संशयाची? यासाठी मी एक सोपी सवय लावून घेतली आहे. विष घातलं की कोठाराच्या दारामागे खडूनं तारीख आणि विषाचं नाव लिहितो. झिंक फॉस्फाइडनं उंदीर पहिल्या एक-दोन रात्रीत मरतात. ब्रोमॅडिओलोनच्या वडीनं मर उशिरा येते, साधारण चार ते दहा दिवसांत. भिंतीवर तारीख नाही, किंवा विष घालून पंधरवडा उलटला, तरीही रोज एक-दोन उंदीर भरदिवसा झिंगत बाहेर येऊन उघड्यावर मरत असतील, तर तो संशय. शेजारच्या दोन घरांतही तसंच दिसत असेल, तर संशय पक्का धरून पुढचं करा. सुटा एक मेलेला उंदीर मात्र काहीच सांगत नाही. मांजर, पूर, शेजाऱ्याचं विष अशी हजार कारणं असतात, त्यावरून गाव हलवायची गरज नाही.

पिसवांचा अंदाज घ्यायला पांढरे लांब मोजे घाला, पँट मोज्यांत खोवा आणि संशयाच्या खोलीत दोन-तीन मिनिटं सावकाश फिरा. बाहेर उजेडात येऊन बघा. तीळासारखे काळपट ठिपके मोज्यावर उडताना दिसले, तर पिसवा आहेत. उंदरांनी भरलेल्या एका पडक्या गोठ्यात मी एकदा असा फिरलो होतो. गुडघ्याखाली नुसती टुणटुण. त्या दिवशी मोजे तिथेच उकळत्या पाण्यात टाकले. लक्षात ठेवा, गोठ्यात, कुत्र्यामांजरांवर पिसवा एरवीही असतात. पिसवा दिसल्या म्हणजे प्लेग, असं नाही. पिसवा आणि कारण नसलेली मर दोन्ही एकत्र दिसलं की मात्र वाट बघायची नाही.

त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा. आशाताईंना किंवा ग्रामपंचायतीला सांगितलं तरी निरोप पोहोचतो, पण 'कुणीतरी सांगितलं असेलच' म्हणून थांबू नका. मेलेला उंदीर घरच्यांनी तपासणीसाठी पाठवायचा प्रयत्न करू नये, ते पथकाचं काम. मुलांना आणि जनावरांना त्या खोलीपासून लांब ठेवा. उचलायची वेळ आलीच, तर लांब दांड्याचं फावडं, हातात जाड हातमोजे, पायात बूट आणि मोज्यांत खोवलेली पँट हवी. मेलेल्यावर फिनाइल शिंपडून दुहेरी पिशवीत घाला आणि पथक म्हणेल तसं करा. उंदीर ताजा, अंग अजून उबदार असेल, तर पिसवा त्याच्या अंगावरच असतात, त्याला मुळीच हात लावू नका. थंडगार झालेल्याच्या अंगावर त्या कमी असतात, पण आसपासच्या फटीत, कडब्यात उतरलेल्या असतात. म्हणून नुसता उंदीर जाळून काम भागत नाही.

क्रम असा: आधी पिसवा, मग उंदीर. पिसवा मारायला आरोग्य विभागाचं पथक बिळांच्या तोंडाशी आणि उंदरांच्या येण्याजाण्याच्या वाटांवर कीटकनाशकाची भुकटी टाकतं. उंदीर त्यावरून जातो आणि भुकटी केसांवरून घरट्यात नेतो, तिथल्या पिसवा मरतात. हे होण्याआधी उंदीर मारले, तर वर सांगितलेलं सगळं आपल्याच हातानं घडतं. घाईघाईत विष घालणारा माणूस कधी कधी शेजाऱ्याला जास्त धोक्यात घालतो, हे मी दोनदा पाहिलंय.

जिथे अशी मर नाही, तिथे नेहमीची मोहीम चालवा. संध्याकाळी सगळी बिळं बुजवा. सकाळी जी उघडी दिसतील तीच वापरातली. दोन दिवस नुसता भरडा ठेवा, उंदीर सवयीचा होतो. तिसऱ्या संध्याकाळी 960 ग्रॅम भरडा, 20 ग्रॅम गोडेतेल आणि 20 ग्रॅम झिंक फॉस्फाइड काठीनं कालवून प्रत्येक बिळात सुमारे 10 ग्रॅमची पुडी आत सारा, आणि बीळ बंद करा. पाणी लागलेलं मिश्रण वापरू नका, त्यातून विषारी वायू निघतो. सकाळी मेलेले गोळा करून खोल पुरा. घरात, पोत्यांजवळ हे विष अजिबात नको.

माणसाकडे बघताना एकच गोष्ट पाहा. अचानक जोराचा ताप आणि जांघेत, काखेत किंवा मानेत दुखरी गाठ, आणि मागच्या पंधरवड्यात घरात उंदीर पडलेले. पिसू पायाला चावते, म्हणून गाठ बहुतेकदा जांघेत येते. ताप आला त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि उंदरांची गोष्ट स्वतःहून सांगा, कारण ते विचारतीलच असं नाही. डॉक्सिसायक्लिन, स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन या औषधांनी हा रोग बरा होतो, पण लवकर दिली तर. खोकल्यातून रक्त आलं, तर रोग्याशेजारी मास्क घालूनच बसा. फुफ्फुसाचा प्लेग पिसवेशिवायही पसरतो आणि तिथे तासांचा हिशेब असतो.

मरीचा संशय असताना पोती हलवायची असतील, तर पथकाची भुकटी पडून काही दिवस गेल्यावरच हलवा. थप्पी भिंतीपासून हातभर दूर आणि लाकडी फळीवर लावा. तिच्याखाली कंदील धरून आत बघता आलं पाहिजे.