मिक्सरची मोटर वॉरंटीत जळाली? ईमेलमध्ये हे आधीच लिहा

मोटर काही महिन्यांत बंद पडली की कस्टमर केअरचं ठरलेलं उत्तर येतं: "ओव्हरलोड झालाय, पैसे लागतील." त्याला पहिल्याच ईमेलमध्ये उत्तर देऊन टाका.

आधी मिक्सर थंड होऊ द्या. मग प्लग काढून बुडाशी असलेलं लाल रीसेट बटण दाबा आणि भांडं न लावता चालू करून बघा. तरीही नुसतं गुणगुणत असेल किंवा जळका वास येत असेल, तर दहा-पंधरा सेकंदांचा व्हिडिओ काढून लगेच बंद करा. बुडाच्या स्टिकरवरचा सीरियल नंबर आणि बिल, दोन्हींचे फोटो जोडा.

मजकूर एवढा पुरे:

"बिलाची तारीख अमुक, सीरियल नंबर तमुक. रीसेट करूनही, भांडं नसतानाही मोटर फिरत नाही. वॉरंटीत मोटर मोफत दुरुस्त करावी किंवा बदलावी. व्हिजिट चार्ज लागणार असल्यास वॉरंटीतला नियम लेखी कळवावा. तक्रार क्रमांक द्यावा."

फोनवरच्या आश्वासनापेक्षा हा क्रमांक महत्त्वाचा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, म्हणजे 1915 वर, तोच सांगता येतो.

तोवर कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडून मिक्सर उघडून घेऊ नका. स्क्रू हललेले दिसले की वॉरंटी नाकारायला कारण मिळतं.