जुन्या फ्लॅटची किंमत कमी करून मागताना या चुका टाळा

कोल्हापुरात साने गुरुजी वसाहतीत माझ्या आतेभावाने एक फ्लॅट पाहिला. तिसरा मजला, म्हणजे सगळ्यात वरचा, इमारत पंधरा वर्षांची, कार्पेट ७०० चौरस फूट. मालक निवृत्त शिक्षक होते आणि त्यांनी ४८ लाख सांगितले. भावाने त्यांना लिहून ३५ लाख ७० हजारांचा प्रस्ताव पाठवला. दोन आठवडे उत्तरच आलं नाही. शेवटी एजंट म्हणाला, "सर लई चिडलेत. घर बघायचं हुतं की घराची इज्जत काढायची हुती?"

मी ते पत्र मागवून वाचलं. आकडेमोड बिनचूक होती, चुका होत्या त्या हिशेबाच्या पद्धतीत. त्याने आसपासच्या दोन विक्रींचा सरासरी दर काढला होता, फुटाला ६,१०० रुपये. त्याप्रमाणे ४२ लाख ७० हजार आले आणि त्यातून ७ लाखांची दुरुस्ती वजा केली. एकच गोष्ट दोनदा वजा करायची ही चूक मी सगळ्यात जास्त वेळा पाहिली आहे.

शेजारचं घर ज्या दराने विकलं गेलं, त्या दरात त्या घराची अवस्था आधीच धरलेली असते. त्याची बाथरूमही पंधरा वर्षांची असेल, तर त्या वेळच्या खरेदीदाराने ती पाहूनच पैसे मोजलेले असतात. तोच दर घ्यायचा आणि वर आपल्या बाथरूमची फरशी पुन्हा वजा करायची, हे विकणाऱ्याला शब्दांत मांडता आलं नाही तरी बरोबर खटकतं. वजावट करायची ती फक्त फरकाची. तुलनेतल्या घरात जे चांगलं होतं आणि या घरात नाही, तेवढंच.

म्हणून आम्ही त्याच दोन विक्री पुन्हा काढल्या. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक २, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा, पाहता येते, वर्ष, गाव आणि मिळकत क्रमांक टाकून. तिथे बरेच जण घसरतात. सूचीत 'मोबदला' आणि 'बाजारभाव' असे दोन रकाने असतात. बाजारभाव हा रेडी रेकनरनुसार, म्हणजे सरकारी दरतक्त्यावरून, मुद्रांकासाठी काढलेला आकडा आहे. घर प्रत्यक्षात कितीला गेलं, ते तो सांगत नाही. त्यासाठी मोबदला पाहायचा, आणि तोही जरा सावधपणे. मोबदला बाजारभावाला जवळपास चिकटलेला दिसला की दस्तात रक्कम कमी दाखवल्याची शंका येते. सर लगेच म्हणतील, "दस्तात काय, काहीही लिहितात." त्यामुळे बँकेच्या कर्जावर झालेला व्यवहार सापडला तर तो धरावा, तिथे आकडा जास्त विश्वासाचा असतो. क्षेत्रफळ कार्पेट आहे की बिल्टअप, हेही दस्तात पाहून घ्या. जुन्या दस्तांत बऱ्याचदा बिल्टअप लिहिलेलं असतं. बिल्टअपचा दर कार्पेटला लावला की घर उगीच स्वस्त दिसतं.

आमची पहिली विक्री त्याच इमारतीतली, दुसऱ्या मजल्यावरची, ७०० फुटांची. चौदा महिन्यांपूर्वी ४२ लाखांना गेलेली, दर ६,०००. बाथरूम, वायरिंग सगळं मूळचंच. दुसरी शेजारच्या इमारतीतली, ६५० फूट, पाच महिन्यांपूर्वी ४० लाख ३० हजारांना, दर ६,२००. तिथल्या मालकाने तीन वर्षांपूर्वी दोन्ही बाथरूम फोडून नव्याने केली होती आणि वायरिंग बदललं होतं. हे सूचीत कुठेच लिहिलेलं नसतं. आम्हाला ते कळलं एजंटाकडून आणि तिथल्या वॉचमनशी चहा पीत बोलल्यावर.

आता हिशेब सरळ झाला. पहिल्या विक्रीशी तुलना केली तर अवस्था सारखीच, म्हणून वजावट शून्य आणि किंमत ४२ लाख. दुसऱ्या दराने ७०० फुटांचे ४३ लाख ४० हजार. त्यातून दोन बाथरूमचे दीड लाख आणि वायरिंगचे ४० हजार गेले की ४१ लाख ५० हजार. दोन वेगळ्या वाटांनी आलो तरी आकडे एकमेकांजवळ आले. म्हणजे दर धरण्यासारखा होता. ते फार लांब पडले असते तर एखादी विक्री तुलनेची नाही, असं समजून तिसरी शोधली असती.

भावाच्या ७ लाखांतलं बाकीचं काय होतं? किचन ट्रॉली २ लाख २० हजार आणि रंग ९० हजार. ही दुरुस्ती नव्हे, आवड. आपल्या आवडीचे पैसे सर कशाला देतील? राहिले २ लाख, ते गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे. छताला पिवळट डाग आणि पोपडे दिसले म्हणून संपूर्ण गच्चीचा खर्च त्याने सरांच्या माथी मारला होता. सहकारी सोसायटीत गच्चीतून होणारी गळती आणि तिच्यामुळे खराब झालेलं वरच्या मजल्याचं प्लास्टर सोसायटीने दुरुस्त करायचं असतं, आदर्श उपविधीत तसं स्पष्ट आहे. कोल्हापुरात बऱ्याच इमारती सोसायटी नसून अपार्टमेंट असतात, तिथे घोषणापत्र वाचावं लागतं. आठ फ्लॅटांत सरांचा वाटा फार तर २५ हजारांचा. तो आम्ही किमतीत न घालता अट म्हणून लिहिला.

बाथरूमचे दीड लाख मात्र पुराव्याशिवाय टिकले नसते. खालच्या मजल्यावर ओल होती, पण ओल म्हणजे फरशीच गळते असं नाही. सरांच्या परवानगीने मोरीची जाळी बंद करून दोन इंच पाणी २४ तास साठवलं. खालचा डाग वाढला, म्हणजे फरशीचं वॉटरप्रूफिंग गेलेलं. बाथरूम कोरडं असतानाही डाग वाढत राहिला असता तर भिंतीतली पाइपलाइन तपासली असती, आणि ते काम वेगळं, खर्चही वेगळा. मग दोन मिस्त्रींकडून कामाचं वर्णन लिहिलेली अंदाजपत्रकं घेतली आणि कमी रकमेचं पत्राला जोडलं. जास्तीचं जोडलं की समोरचा तिसऱ्या मिस्त्रीला बोलावतो.

नवीन पत्रात दोषांची यादी आधी नव्हती. सुरुवात अशी होती:

"आदरणीय सर, आपलं घर आम्हाला पसंत आहे. आपल्याच इमारतीतील आणि शेजारील अशा दोन नोंदणीकृत विक्री सोबत जोडल्या आहेत. दुसऱ्या विक्रीच्या दराने या घराची किंमत ४३ लाख ४० हजार होते. त्या घरातील बाथरूम आणि वायरिंग नव्याने केलेलं असल्याने तेवढाच फरक, १ लाख ९० हजार, आम्ही कमी धरला आहे. त्यानुसार ४१ लाख ५० हजार रुपयांचा प्रस्ताव आहे. खरेदीखतापूर्वी इमारतीची थकबाकी आणि गच्चीच्या कामाची आपल्या हिश्श्याची वर्गणी आपण भरावी. कर्जाला बँकेची तत्त्वतः मंजुरी आहे. हा प्रस्ताव १० दिवस खुला राहील."

मुदत लिहायला लोक विसरतात. मग तेच पत्र दाखवून मालक दुसऱ्या गिऱ्हाइकाकडून वर चढवून घेतो.

सरांचा फोन चौथ्या दिवशी आला. पहिला प्रश्न बाथरूमचा नव्हता. "खालच्या मजल्याचा तो फ्लॅट चौदा महिन्यांपूर्वीचा आहे, मग तेव्हाचा भाव आज कसा?" प्रश्न रास्त होता, पत्रातली ती कच्ची बाजूच होती. भावाने ती मान्य केली, ७५ हजार वाढवले आणि ४२ लाख २५ हजारांवर बोलणी थांबली. गच्चीची वर्गणी सरांनी भरली.